मुक्ताला, चौथ्या दिवशी

प्रिय मुक्ता,

तुझा दुपारचा मेसेज वाचला. फोनवर बोलले असते, पण तुझ्याभोवती सतत माणसं आहेत आणि तुला जे विचारायचं आहे ते चारचौघांत विचारता येत नाही, हे कळलं. म्हणून लिहितेय. रात्री आई झोपली की वाच.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं सुतक तीनच दिवस. तुझं आज फिटलं, आता घरी ये.’ त्यांनी वाईट हेतूने म्हटलेलं नाही, आणि चुकीचंही नाही. धर्मसिंधूत तसंच आहे. विवाहित मुलीचं गोत्र बदललं असं मानल्यावर तिला बापासाठी दहा दिवस उरत नाहीत, तीन उरतात. ज्या बापाने तुला सायकल शिकवली त्याच्यासाठी तीन दिवस, आणि ज्याला तू दोनदा पाहिलंयस त्या सासरच्या चुलत आजोबांसाठी दहा. तुझा संताप मला समजतो. पण हा नियम तुला लागूच होत नाही, कारण बुधवारी सकाळी वैकुंठात खांद्यावर मडकं घेऊन तू फिरलीस आणि अग्नी तू दिलास.

ज्याने अंत्यकर्म केलं त्याला दहा दिवसांचं आशौच, मग तो नात्याने कोणीही असो. शेजाऱ्याने केलं तर शेजाऱ्यालाही. त्यापुढे आणखी एक जुना दंडक आहे, जो गुरुजींना पाठ असतो पण नातेवाइकांना क्वचित माहीत असतो. पहिल्या दिवशी ज्याने क्रिया सुरू केली त्यानेच ती दहाव्यापर्यंत न्यावी, तो सगोत्र असो वा नसो, आणि पुरुष असो वा स्त्री. ‘स्त्री’ हा शब्द त्यात स्वच्छ आहे. आम्ही हे पौरोहित्याच्या वर्गात पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाईंनी तो श्लोक पुन्हा म्हणायला लावला होता. निवृत्तीनंतर मी या वर्गाला गेले म्हणून तुझ्या आईने मला किती चिडवलं होतं! आता त्याचा उपयोग होतोय तो असा.

तेव्हा तू दहा दिवस आहेस, आईकडेच आहेस. सासूबाईंना हे सांगायचं काम माझ्याकडे दे. तुझ्या नवऱ्याला सासऱ्यांचं म्हणून तीन दिवस, काहींच्या मते त्याहूनही कमी. सासरच्या बाकी कोणालाच काही नाही. त्यांच्या घरी देवपूजा चालू राहू दे, बिचकायचं कारण नाही.

आता दिवसांचा हिशेब, कारण त्यावरूनच काल तुझ्या काकांमध्ये आणि गुरुजींमध्ये वाजलं. भाऊजी गेले रात्री एक वाजता. हॉस्पिटलच्या कागदावर बुधवार आहे, तारीख बारानंतर बदलते म्हणून. पण आपल्याकडे मोजण्याच्या दोन-तीन रीती आहेत. एक म्हणते, सूर्योदयापर्यंत आदलाच दिवस. दुसरी म्हणते, रात्रीचे तीन सारखे भाग करा, पहिल्या दोन भागांतला मृत्यू आदल्या दिवसाचा, तिसऱ्यातला पुढच्या दिवसाचा. तिसरी मध्यरात्र धरते. रात्री एकची वेळ पहिल्या दोन्ही रीतींनी मंगळवारात पडते, तिसरीने बुधवारात. तुमचे गुरुजी मंगळवार धरतायत. म्हणजे मंगळवार पहिला, आज शुक्रवार चौथा, येत्या गुरुवारी दहावा आणि रविवारी तेरावा. काका बुधवार धरतायत, म्हणजे सगळं एकेक दिवस पुढे. दोघांनाही आधार आहे. ज्या घरात जी रीत चालत आली तीच धरावी असं ग्रंथकारही सांगतात, तेव्हा काकांना म्हणावं की आजोबांच्या वेळी काय धरलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर गुरुजींचं ऐका आणि विषय संपवा. सरकारी कागदांवर मात्र बुधवारचीच तारीख राहील, तिथे काही बदलायला जाऊ नका. आणि वर्षश्राद्ध तारखेने नसतं, तिथीने असतं. भाऊजी गेले त्या क्षणी कोणती तिथी चालू होती ती पंचांगात पाहून आत्ताच कुठेतरी लिहून ठेव. वर्षभराने हे शोधताना लोकांची फार तारांबळ उडते.

अमेय रविवारी पोचतोय, म्हणजे सहाव्या दिवशी. तो येताच ‘आता मुलगा आला, तू बाजूला हो’ असं कोणीतरी म्हणेल. म्हणू दे. दहाव्यापर्यंत तू, अकराव्यापासून तो. हा तह मी काढलेला नाही, वरच्या दंडकातूनच तो निघतो, कारण दहा दिवसांची क्रिया हा एक तुकडा आहे आणि अकराव्यापासून दुसरा सुरू होतो. काही गुरुजी मुलगा आल्यावर त्यालाच बसवतात, तोही पक्ष आहे. मी तुमच्या गुरुजींशी बोलले. ते म्हणाले, ‘मुलीने सुरू केलंय, मुलगीच पुरं करेल.’ अमेयला वाईट वाटू नये एवढं मात्र बघ. वडिलांचं तोंड पाहायला मिळालं नाही त्याला. दहाव्याला त्याला तुझ्या शेजारी बसव, तिळाचं पाणी त्यालाही देता येतं. ते तर सगळ्या जवळच्यांनी द्यायचंच असतं. मुंडन करायचं का, असं तो मला विचारत होता. रीत आहे दहाव्या दिवशी क्षौराची, ती त्याने त्याच्या मनाने ठरवावी. तुला कोणी विचारणार नाही.

बाईने अग्नी देणं ज्यांना नवीन आणि पाश्चात्त्य वाटतं त्यांना फुल्यांच्या घरची गोष्ट सांग. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. दत्तक मुलगा यशवंत याने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. पुण्यातच घडलं हे.

आता गुरुवारी घाटावर नेमकं काय होणार ते सांगते, म्हणजे तिथे गोंधळायला होणार नाही. तुला भीती कावळ्याची आहे, हे मेसेजच्या शेवटच्या ओळीवरून कळलं.

मडक्याला तीन फेऱ्यांत ज्या दगडाने छिद्रं पाडली तो दगड तुझ्याकडे दिलाय ना? त्याला अश्मा म्हणतात, आपल्याकडे जीवखडा म्हणतात. ही दहा दिवसांची सगळी क्रिया त्या दगडाला उद्देशून आहे. गेलेल्या माणसाला आता देह नाही, म्हणून बोलायला, पाणी द्यायला काहीतरी हवं, ते काहीतरी म्हणजे हा खडा. तो गॅलरीत वाटीत ठेवलायस तिथे ठीक आहे. कोणी नजरचुकीने टाकलाच तर दुसरा घेऊन पुढे जाता येतं, त्यावाचून काही अडत नाही.

दहा दिवसांचे दहा पिंड असतात. गरुडपुराणात अशी कल्पना आहे की रोजच्या पिंडाने त्या माणसाला एकेक अवयव मिळतो. पहिल्या दिवशी डोकं, मग गळा-खांदे, असं करत देह पुरा होतो, आणि दहाव्या पिंडाने त्या नव्या देहाला भूक आणि तहान लागते. आता रोज कोणी घाटावर जात नाही, म्हणून राहिलेले सगळे दहाव्यालाच देतात. भात तिथेच शिजवतील. त्यात काळे तीळ कालवून तू हाताने गोळे करायचेस, साधारण कोंबडीच्या अंड्याएवढे. भात गरम असतो आणि हाताला चिकटतो. बाजूला पाण्याचं भांडं ठेव, हात ओले करून वळ. दर्भावर तिळाचं पाणी सोडताना ते अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, देवाला सोडतो तसं बोटांच्या टोकांवरून नाही. जानवं डावीकडून उजवीकडे घ्यायला लावतात तो भाग तुला नाही, गुरुजी पदर किंवा उपरणं उजव्या खांद्यावरून घ्यायला सांगतील.

मग शेवटचा पिंड घाटाच्या कडेला ठेवतात आणि सगळे मागे सरून उभे राहतात. ओंकारेश्वराला मी खूपदा उभी राहिले आहे, लोकांबरोबर. सकाळी लवकर गेलात तर कावळा दोन मिनिटांत येतो. अकरानंतर मात्र त्या कावळ्यांनी सकाळपासून दहा-बारा घरांचे पिंड खाल्लेले असतात, त्यांचं पोट भरलेलं असतं, आणि तेव्हा येणाऱ्या माणसांना वाटतं, आपल्याच माणसाचं काहीतरी राहिलंय. शिवाय तिथे वीस माणसं गोळा होऊन हातवारे करतात, मुलं पळतात, कोणी मोबाइल उंच धरतो. तो पक्षी भित्रा नाही पण सावध आहे. माणसं दहा पावलं मागे गेली की उतरतो. म्हणून आठला घाटावर असा, आणि काकांना मोबाइल खिशात ठेवायला सांग.

आला नाही तर? तर एकेक जण पुढे होऊन बोलतो. ‘आईची काळजी आम्ही घेऊ’, ‘कर्ज फेडू’, ‘धाकट्याचं लग्न करू’. मी तिथे माणसांना असं काही बोलताना ऐकलंय की जे घरात वर्षानुवर्षं कोणी बोललं नव्हतं. माझ्या मते या विधीचा तोच भाग खरा आहे, कावळा निमित्त. पण तुला एक धाक वाटतोय तो आधीच काढून टाकते. भाऊजींशी शेवटच्या महिन्यात तुझं त्या ऑपरेशनवरून भांडण झालं होतं, आणि कावळा शिवला नाही तर सगळे तुझ्याकडे बघतील असं तुला वाटतंय. कोणी बघणार नाही, कारण थांबायची वेळ गुरुजींच्या हातात असते. थोडा वेळ वाट पाहून ते दर्भाचा कावळा करतात. दर्भाच्या काड्या दुमडून गाठ मारली की चोच आणि शेपूट असल्यासारखं दिसतं. तो पिंडाला लावला की शिवला. ही पळवाट नाही, शास्त्रातलाच पर्याय आहे, आणि तो तिथे आहे याचा अर्थ जुन्या माणसांनाही कावळा न येण्याची सवय होती.

पाठोपाठ जीवखडा पाण्यात सोडायचा आणि सगळ्यांनी अंघोळ करायची. तिथे सुतक सुटतं. तुझ्यापुरतं कर्त्याचं काम तिथे संपलं.

अस्थी काल गोळा केल्या ना? त्या दहा दिवसांत सोडता आल्या तर बरं, पण नाशिकला रामकुंडावरच सोडायच्या असा तुझ्या आईचा आग्रह असेल तर थांबता येतं. फक्त कलश घरात घेत नाहीत, बाहेर झाडाला किंवा गॅलरीत उंच टांगून ठेवतात. अमेय आल्यावर दोघं मिळून जा. आळंदीला इंद्रायणीतही चालतं, जवळ पडतं.

घरातल्या पाळायच्या गोष्टींत तू फार अडकू नकोस. देवांची पूजा आपण करायची नाही, देवळात जायचं नाही, कोणाला नमस्कार करायचा नाही, गोडधोड-तळण करायचं नाही, इतकं पुष्कळ झालं. पहिल्या दिवशी चूल पेटवत नाहीत म्हणून शेजारच्यांनी पिठलं-भात आणला, ते या सगळ्या रिवाजातलं सर्वांत शहाणपणाचं. कर्त्याने अळणी खावं, एकवेळ खावं, जमिनीवर झोपावं असंही सांगितलेलं आहे. जमिनीवर झोप हवं तर. पण आईची साखर बघता तिच्या जेवणाच्या आणि इन्सुलिनच्या वेळा एका मिनिटानेही हलवायच्या नाहीत. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, लहानांना यातून सूट आहेच. आणि तुला स्वतःलाही एक सूट आहे जिचा तू विचार केला नसशील. वैद्य, कारागीर, स्वयंपाकी, राजा यांना त्यांच्या कामापुरतं आशौच नाही, असं स्मृतीच सांगतात, कारण त्यांच्यावाचून दुसऱ्यांचं अडतं. तुझ्या त्या पेशंट बाळाच्या आईचा फोन आला तर घे, औषध सांग. अपराधी वाटून घेऊ नकोस.

जिथे भाऊजींना ठेवलं होतं तिथे पिठावर दिवा ठेवून वर टोपली झाकली होती, आणि परत आल्यावर तुझ्या आत्याने पिठात पक्ष्याचं पाऊल दिसलं म्हणून सांगितलं. पुढचा जन्म कोणता, ते त्यावरून ओळखतात. तुला ते भाबडं वाटलं आणि आई रडली म्हणून राग आला. आईला मी विचारलं. ती रडली कारण तिला ते बरं वाटलं. भाऊजींना पक्षी किती आवडत ते तुला ठाऊक आहे. राहू दे.

गरुडपुराणाचं मात्र ऐकू नकोस. कोणीतरी रोज संध्याकाळी त्यातला प्रेतखंड वाचायची टूम काढली आहे असं कळलं. त्यात वैतरणी आहे, यमदूत आहेत, कोणत्या पापाला कोणती यातना त्याची वर्णनं आहेत. तीन दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईसमोर ते वाचणं मला पटत नाही, आणि वाचलंच पाहिजे असं बंधनही नाही. आईला हरिपाठ पाठ आहे, तिला तो म्हणू दे.

आता सगळ्यात अवघड. दहाव्याला घाटावर किंवा घरी येऊन आईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र-जोडवी काढायची, हे कोणीतरी करायला पुढे येईल. बहुधा एखादी आधीच विधवा झालेली नातलग बाई, जिच्यावर स्वतःवर हेच झालेलं असेल. गुरुजींच्या पोथीतल्या कुठल्याही पिंडाला याची गरज नाही, त्यावाचून काहीही अडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एका गावाला हे जमलं तर आपल्या चार खोल्यांच्या घराला जमावं. पण तूही तिच्या वतीने ठरवू नकोस. मी काल तिला विचारलं. ती म्हणाली, ‘मंगळसूत्र मी माझं काढीन, कपाटात ठेवीन. बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही.’ एवढंच आहे तिचं. गुरुवारी मी तिच्या शेजारी बसणार आहे, आणि हे वाक्य मी मोठ्याने म्हणणार आहे, तिला म्हणावं लागू नये म्हणून.

अकराव्यापासूनचं अमेयला समजावून दे. अकराव्याला एकोद्दिष्ट, म्हणजे फक्त त्या एकाच माणसाला उद्देशून केलेलं श्राद्ध. बाराव्याला सपिंडी, आणि तो भाग बघण्यासारखा असतो, शक्य असेल तर तू पण थांब. भाऊजींचा एक लांबट पिंड आणि त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा यांचे तीन पिंड. भाऊजींच्या पिंडाचे तीन भाग करून एकेक भाग त्या तिघांत मिसळतात. त्यानंतर वेगळे भाऊजी राहत नाहीत, पितरांतले एक होतात, आणि चौथ्या पिढीचे पणजोबा त्या रांगेतून बाहेर पडतात. खरं तर हे वर्षाने करायचं असतं. पुढचं वर्ष कोणाला दिसेल याची खात्री नाही, म्हणून बाराव्यावर आणलं गेलं. आपल्या शंकेखोर पूर्वजांचं मला इथे हसूही येतं आणि बरंही वाटतं. तेराव्याला उदकशांत आणि गोड जेवण. दुखवटा म्हणून आईच्या माहेरहून, म्हणजे माझ्याकडून, तिला साडी येईल, अमेयला टोपी-उपरणं. साडी मी पांढरी आणणार नाही.

गावाकडे दहाव्याला आता प्रवचन आणि तासभर श्रद्धांजलीची भाषणं असतात, आमदारांपर्यंत. काकांच्या डोक्यात तसं काही आहे असं कानावर आलंय. दोन माणसं बोलू देत, पाच-पाच मिनिटं, बस.

पुढच्या वर्षभरासाठी एकच सांगते. अमेयचं ठरत आलेलं लग्न. ‘वर्षाच्या आत करा, नाहीतर तीन वर्षं थांबा’ असं लोक ठोकून देतात. वर्षाच्या आत करायचं असेल तर राहिलेली मासिक श्राद्धं आधी उरकून घेतात, तशी सोय आहे. आणि पुढच्या वर्षी करायचं असेल तर तीन वर्षं थांबायची काही गरज नाही. पण हा विषय तेराव्यापर्यंत घरात निघू देऊ नकोस. पहिली दिवाळी आपण करायची नसते, नातेवाईक फराळ आणून देतात. चकल्या मी आणीन.

गुरुवारी घाटावर नेण्याच्या पिशवीत आईसाठी घडीची खुर्ची, तिच्या गोळ्या आणि बिस्किटं, तुला आणि अमेयला कोरडे कपडे, दोन जादा टॉवेल आणि जीवखड्याची वाटी ठेव. दर्भ, तीळ, भात सगळं गुरुजी आणतात, काही विकत घ्यायला धावू नकोस. दक्षिणेचं माझं त्यांच्याशी बोलणं झालंय, घाटावर कोणी वेगळे पैसे मागितले तर माझ्याकडे पाठव. मी पावणेआठला रिक्षा घेऊन खाली येते.

तुझी,
मावशी